ऑफर लेटरमागची कंपनी खरी की खोटी?

नमुना म्हणून एक ऑफर लेटर समोर घेऊ. लातूर जिल्ह्यातल्या, नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलीला ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे. कंपनीचं खरं नाव इथे महत्त्वाचं नाही, म्हणून तिला ‘अबक प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणू. वर लोगो, खाली शिक्का आणि सही. ‘२००९ पासून कार्यरत’ असा उल्लेख, बाणेरच्या एका व्यापारी संकुलातला पत्ता, महिना बत्तीस हजार पगार. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: लॅपटॉपसाठी ४,८०० रुपये अनामत, पहिल्या पगारात परत मिळेल. पत्राची तारीख २२ जुलै २०२५.

अनामतीची ती ओळ पाहूनच अनुभवी माणूस सावध होईल. पण फसवणूक करणारे प्रत्येक वेळी लगेच पैसे मागतात असं नाही. कधी आधार, पॅन आणि बँकेचे तपशील घेतले जातात आणि पैशाचा विषय दोन आठवड्यांनी निघतो. त्यामुळे ‘ही कंपनी आहे का आणि हे पत्र तिचंच आहे का’ हे दोन प्रश्न पैशांची वाट न पाहता आधीच सोडवायला हवेत. ते घरबसल्या बऱ्याच अंशी सुटतात. त्यासाठी तीन जागी पाहायचं: सरकारी नोंद, वेबसाइटचं वय आणि कार्यालयाचा पत्ता.

नोंद काय सांगते

भारतात नोंदणी झालेल्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक मिळतो. त्याला सीआयएन म्हणतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या पत्रांवर तिचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, हा क्रमांक, फोन आणि ई-मेल छापलेला असलाच पाहिजे. म्हणून ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर सीआयएन नसेल, तर तिथेच थांबून तो मागून घ्यावा.

हा क्रमांक वाचताही येतो. इन्फोसिसचा क्रमांक पाहा:

```
L85110KA1981PLC013115
```

पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनी. सूचिबद्ध नसेल तर तिथे U येतो. पुढचे पाच अंक व्यवसायाचा प्रकार सांगतात. मग राज्य, नोंदणीचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, तरी क्रमांकात KA म्हणजे कर्नाटक आहे, कारण ही अक्षरं नोंदणीकृत कार्यालयाचं सध्याचं राज्य दाखवतात. महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या क्रमांकात MH दिसतं आणि पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या अनेक कंपन्यांच्या क्रमांकात PN.

आपल्या नमुन्यातल्या पत्रावरचा क्रमांक U45200MH2009PTC असा सुरू होतो. वर्ष २००९, म्हणजे दावा जुळला. आता mca.gov.in या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जायचं आणि Master Data या विभागात View Company/LLP Master Data उघडायचं. कंपनीचं नाव किंवा सीआयएन टाकला की मूळ नोंद दिसते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. लॉगिन मागितलं तर खातंही फुकटच उघडतं.

या नोंदीत चार गोष्टी पाहायच्या. पहिली, कंपनीची स्थिती: Active आहे की Strike Off. ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणजे निबंधकाने नाव नोंदवहीतून काढून टाकलं आहे. अशी कंपनी नोकरी देऊ शकत नाही. दुसरी, शेवटच्या ताळेबंदाची तारीख. कंपन्यांना दर वर्षी हिशेब दाखल करावा लागतो. तिथे तीन-चार वर्षांपूर्वीचा ३१ मार्च दिसत असेल, तर कागदावर जिवंत असलेली ही कंपनी व्यवहारात बंद पडलेली असू शकते. तिसरी, नोंदणीकृत पत्ता आणि चौथी, संचालकांची नावं. पत्रावर ‘संचालक’ म्हणून सही करणाऱ्याचं नाव या यादीत असायला हवं.

भागभांडवलाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. एक लाख भांडवल असलेल्या किती तरी प्रामाणिक कंपन्या व्यवस्थित पगार देतात. व्यवसायाच्या पाच अंकांवरही फार विसंबू नये, कारण काम बदललं तरी जुने अंक तसेच राहिलेले असू शकतात.

अबकची नोंद उघडली तर ती सक्रिय निघाली, ताळेबंद ताजा निघाला आणि नोंदणीचं वर्षही जुळलं. बरेच जण इथेच निश्चिंत होतात आणि नेमकी चूक इथेच होते. नोंदवही सगळ्यांना खुली असते. जो ती वाचू शकतो, तो त्यातलं नाव आणि क्रमांक उचलून आपल्या पत्रावर छापूही शकतो. अशी कंपनी अस्तित्वात आहे एवढंच नोंदवही सांगते. तुमच्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे की नाही, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

वेबसाइट कधीची

पत्र ज्या ई-मेलवरून आलं, त्यातला @ नंतरचा भाग घ्यायचा. तो वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन. नमुन्यात तो कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि careers जोडून बनवलेला आहे. ही रेघ महत्त्वाची. मूळ डोमेनच्या आधी careers आणि टिंब असेल, तर तो त्याच कंपनीचा विभाग असतो, कारण तो फक्त मूळ डोमेनच्या मालकालाच तयार करता येतो. रेघ घालून जोडलेलं नाव मात्र वेगळंच डोमेन असतं आणि ते कुणीही विकत घेऊ शकतो.

डोमेन कधी नोंदलं गेलं हे lookup.icann.org वर पाहता येतं; .in ने संपणाऱ्या नावांची माहिती registry.in वर मिळते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्याचं काही वाटून घेऊ नये. आपल्याला एकच ओळ हवी आहे, आणि नमुन्यात ती अशी निघाली:

```
Creation Date: 2025-06-14T09:12:44Z
```

१४ जून २०२५. पत्राच्या तारखेआधी जेमतेम ३८ दिवस. २००९ पासून काम करणाऱ्या कंपनीने जून २०२५ मध्ये पहिल्यांदा डोमेन घेतलं असेल? अशक्य नाही, पण मग आधीची सोळा वर्षं तिची ई-मेल कुठून येत होती, हा प्रश्न विचारायलाच हवा. नवं डोमेन हा गुन्हा नाही. मागच्या वर्षी सुरू झालेल्या कंपनीची वेबसाइट मागच्या वर्षीचीच असणार. खटकतो तो दावा आणि तारीख यांतला विसंवाद.

याच्या उलटही घडतं. दुसऱ्याने वापरलेलं जुनं डोमेन लिलावात मिळतं आणि त्याची जुनी तारीख तशीच राहते. म्हणून web.archive.org वर तो पत्ता टाकून पाहावा. तिथे वेबसाइटची जुनी पानं साठवलेली असतात. पाच वर्षांपूर्वी त्याच पत्त्यावर केकच्या पाककृती दिसत असतील आणि आज तिथे लॉजिस्टिक्स कंपनी असेल, तर डोमेनचं वय जुनं असूनही कंपनीचं नाही. मात्र पानं साठवलेली नसली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. छोट्या वेबसाइटींची नोंद तिथे बरेचदा नसते.

अबकच्या नावाने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा तिची दुसरी, जुनी वेबसाइट सापडली. २०१२ पासूनची पानं साठवलेली होती, आणि ती कंपनी इमारतींच्या दुरुस्तीची कंत्राटं घेते असं त्यांवर होतं. डेटा एंट्रीच्या नोकऱ्यांचा तिथे मागमूस नव्हता.

पत्त्यावर कोण बसतं

नोंदवहीतला पत्ता अंधेरीचा आणि पत्रातला बाणेरचा. एवढ्यावरून ठपका ठेवता येत नाही, कारण नोंदणीकृत कार्यालय एकीकडे आणि कामाची जागा दुसरीकडे असू शकते. सीएच्या कार्यालयाचा किंवा संचालकाच्या घराचा पत्ता नोंदलेला असणंही सर्रास दिसतं. पण खऱ्या कार्यालयाला कायद्याने आणखी एक बंधन आहे. त्याच कलम १२ नुसार कंपनी जिथे जिथे कामकाज करते, त्या प्रत्येक जागेबाहेर तिचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता ठळकपणे लावलेला असावा लागतो, आणि तो स्थानिक लिपीतही असावा लागतो. म्हणजे बाणेरच्या दारावर अबकची पाटी हवी आणि तिच्यावर अंधेरीचा पत्ता हवा.

नकाशावरची खूण हा मात्र पुरावा नाही. ती कुणीही घालू शकतो आणि दहा चांगले अभिप्रायही मिळवू शकतो. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर अशा शहरांत सुरू झालं. त्यावर इमारत खरोखर व्यापारी आहे का एवढं कळतं, पण चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते कोपऱ्यात पाहून घ्यावं. खात्रीचा मार्ग म्हणजे त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला तिथवर पाठवणं. त्याने वॉचमनला आणि शेजारच्या गाळ्यात विचारायचं: ही कंपनी कुठल्या मजल्यावर, किती दिवसांपासून, रोज किती माणसं येतात? बाणेरला तिसऱ्या मजल्यावर तासांवर भाड्याने मिळणारी टेबलं होती. स्वागतकक्षातल्या बाईंच्या यादीत अबक नव्हती.

आता शेवटचा फोन. तो पत्रातल्या क्रमांकावर करायचा नाही. जुन्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर करायचा. अंधेरीहून उत्तर आलं की त्यांनी अशी भरती काढलेलीच नाही. कंपनी खरी होती, पत्र खोटं होतं.

छोट्या मालकांचं काय

एकट्या मालकाचा व्यवसाय किंवा साधी भागीदारी मंत्रालयाच्या नोंदवहीत सापडणार नाही, आणि तसं ते सापडायचंही नसतं. अशा ठिकाणी जीएसटी क्रमांक विचारावा आणि gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकावा. मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि व्यवसायाची मुख्य जागा तिथे दिसते. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. कमी उलाढाल असलेल्याला जीएसटी लागत नाही. मग वेबसाइटही नसेल, नोंदही नसेल, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहणं एवढाच मार्ग उरतो. नव्या किंवा छोट्या मालकाला या कसोट्यांवर नापास करून टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि नोकरी शोधणाऱ्याचंही त्यात नुकसान आहे.

कागद जुळत नसतील तर सरळ लिहून विचारावं: ‘तुमचा सीआयएन आणि नोंदणीकृत पत्ता कळवा, मी कार्यालयात येऊन कागदपत्रं देईन.’ खऱ्या मालकाला या प्रश्नाचा राग येण्याचं कारण नाही, कारण ही माहिती त्याच्या पत्रावर असायलाच हवी होती. उत्तराऐवजी ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असं आलं, तर पुढचा संवाद थांबवावा. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.