एका फ्रेमची फट

चौकात उभ्या केलेल्या कॅमेऱ्याचा 12 सेकंदांचा शॉट आहे. समोरून एक रिक्षा येते, मध्येच एक बस तिच्यासमोरून आडवी जाते, मग रिक्षा पुन्हा दिसते आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून निघून जाते. प्रसिद्ध करण्याआधी चालकाचा चेहरा आणि नंबरप्लेट झाकायची आहे. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 300 चित्रे. प्रत्येकावर हाताने ठिपका ठेवणे शक्य नाही, म्हणून चेहऱ्याभोवती लंबगोल मास्क काढून तो प्रतिमेतल्या बारकाव्यांच्या आधाराने सॉफ्टवेअरला पुढे न्यायला सांगतात. हे ट्रॅकिंग.

मास्क पहिल्या फ्रेमवर काढू नये. तिथे चेहरा लहान आणि अस्पष्ट असतो. जिथे तो मोठा नि स्वच्छ दिसतो ती फ्रेम निवडावी आणि तिथून पुढे व मागे, दोन्ही दिशांना ट्रॅक करावे.

खरी अडचण बसपाशी येते. चेहरा झाकला गेला की ट्रॅकर बसच्या खिडक्यांना धरतो आणि मास्क बसबरोबर निघून जातो. बस सरते तेव्हा चेहरा उघडा! म्हणून बस येण्याआधीच ट्रॅकिंग थांबवायचे, भरकटलेले बिंदू पुसायचे, रिक्षा जिथे पुन्हा दिसू लागते तिथे मास्क हाताने बसवून पुढचे ट्रॅकिंग सुरू करायचे. मधल्या फ्रेममध्ये मास्क बसवर दिसला तरी चालेल. एक फ्रेम उघडी राहिलेली चालत नाही. पाहणारा व्हिडिओ थांबवू शकतो. त्यामुळे तपासणी नेहमीच्या वेगाने नव्हे, बाणाची कळ दाबत एकेक फ्रेमने करावी, विशेषतः चेहरा दिसू लागतो आणि दिसेनासा होतो त्या ठिकाणी.

रिक्षा जवळ येते तसा चेहरा मोठा होतो, पण ब्लरची तीव्रता आपोआप वाढत नाही. दूरवर पुरेसा असलेला धूसरपणा जवळ आल्यावर नाक-डोळे ओळखू देतो. तीव्रता सर्वांत मोठ्या चेहऱ्यावर ठरवावी. मास्कच्या कडा मऊ केल्या असतील तर तो थोडा मोठाही घ्यावा, नाहीतर कडेचे आकडे डोकावतात.

नंबरप्लेटवर मोझॅकचे चौकोन टाकण्याची सवय मला धोक्याची वाटते. पाटीवर काय असू शकते ते ठरलेले असते. MH 12 एवढे माहीत असेल, तर पुढची दोन अक्षरे आणि चार आकडे यांच्या जुळण्या 70 लाखांहून कमी होतात. संगणक प्रत्येकीवर तसेच चौकोन टाकून तुलना करू शकतो, आणि व्हिडिओत एकाच पाटीची अनेक थोडी वेगळी चित्रे आयती मिळतात. 2007 मध्ये जर्मन पोलिसांनी भोवऱ्यासारखा पिळलेला एका गुन्हेगाराचा चेहरा उलट फिरवून उघड केला होता, कारण त्या पिळण्यात मूळ माहिती शिल्लक होती. पाटीवर सरळ एकरंगी चौकट भरली, की तिच्याखालचे काही उरत नाही.

मात्र हे सारे एक्सपोर्ट केलेल्या फाइललाच लागू. संपादनाच्या प्रोजेक्टमध्ये मूळ चित्रण जसेच्या तसे असते, म्हणून बाहेर फक्त तयार फाइल द्यावी. मुखचित्रही तिच्यातूनच काढावे. ते घाईत मूळ चित्रणातून उचलले जाते आणि चेहरा तिथेच दिसतो.