डोशाचा फोटो कसा वाचावा?

पेण आणि रोह्याच्या पाककृती वर्गांतल्या दोन डोशांचे फोटो माझ्यापुढे निवडीसाठी आले. पेणचा सोनेरी, रोह्याचा फिकट. पहिला नंबर पेणला, असं कुणीही म्हणेल. मीही क्षणभर म्हटलं.

मग ताटलीकडे लक्ष गेलं. पेणच्या फोटोत पांढरी ताटलीही पिवळी दिसत होती. म्हणजे निम्मं सोनं बल्बचं! रोह्याचा फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढलेला.

पेणच्या डोशावर मधोमध तपकिरी कडं होतं आणि बाहेर पांढुरका पट्टा. हे कडं बर्नरच्या ज्योतीचं. आच तव्याच्या काठापर्यंत पोचलीच नव्हती. रोह्याच्या डोशावर पळीच्या गोल रेघा होत्या. पीठ पातळ तिथे तांबूस, जाड तिथे फिकट. रेघा जवळजवळ आणि मध्ये गोळा नाही, म्हणजे हात हलका फिरलेला. तवा फार तापला असता तर पीठ पडताक्षणी धरलं असतं आणि मध्ये जाड चकती राहिली असती. म्हणून तर पीठ घालण्याआधी पाण्याचा शिपका मारतात.

राहिली कड. रोह्याची कड उचललेली, तिच्याखाली बारीक सावली. पेणची ताटलीला टेकलेली. पण शेजारी चटणी-सांबार वाढलेलं होतं. तेवढ्या वेळात वाफेने कुरकुरीत कडही मऊ पडते, त्यात आपली कोकणची दमट हवा. पातळपणा आणि रंगाचे गुण रोह्याला दिले. कडेचे राखून ठेवले, आणि दोन्ही वर्गांना कळवलं: कड तव्यावरून सुटताना, बाजूने फोटो काढून पाठवा.