खाती नव्या संगणकात नेताना परतीची वेळ आधी ठरवा

१ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे विलीनीकरण झाले आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक या नावाची एकच बँक राहिली. चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक खातेदारांच्या बँकेच्या पाटीवरचे नाव त्यामुळे बदलले. पाटी एका दिवसात बदलते. खाती एका संगणकातून दुसऱ्यात नेणे हे मात्र वेगळेच काम असते. आपल्या भागातील पतसंस्थांवरही सॉफ्टवेअर बदलताना हीच वेळ येते, म्हणून त्याची आखणी कशी करावी ते पाहू.

समजा, चंद्रपूरच्या एका पतसंस्थेची ६,००० खाती आहेत व एक शाखा भामरागडकडे आहे. पहिला प्रश्न मुहूर्ताचा. ३१ मार्चची अखेर, तेंदूपत्त्याचा हंगाम आणि धान विक्रीचे दिवस टाळावेत. पावसाळाही टाळावा, कारण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता अनेकदा बंद पडला आहे. अडचण आली तर तंत्रज्ञ तेथे पोहोचणार कसा?

त्याआधी निदान दोन रंगीत तालमी हव्यात. पहिल्या तालमीत खऱ्या माहितीची प्रत नव्या संगणकात भरून चुका शोधायच्या. आपल्याकडे हमखास निघणारी चूक नावांची. जुन्या सॉफ्टवेअरमधील मराठी बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असते. ती तशीच उचलली तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. शिवाय विदर्भात ‘शेख रहीम शेख करीम’ अशी नावे लिहिण्याची रीत आहे. नव्या प्रणालीत नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन रकाने असतील, तर चार शब्द कोठे बसवायचे हे आधी ठरवावे लागते. तारखांचेही तसेच. ०५/०६ ही पाच जूनची मुदतठेव सहा मेची होऊन बसते आणि महिन्याचे व्याज चुकते.

एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नये. दोन खातेदारांच्या रकमा अदलाबदल झाल्या तरी बेरीज जुळतेच. म्हणून प्रत्येक प्रकारच्या खात्यांची संख्या व रक्कम वेगवेगळी ताडावी. शिवाय दोनशे खाती निवडून शिल्लक, व्याज व थकबाकी जुन्या पुस्तकाशी एकेक करून पाहावी. ही तपासणी काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी करावी; चूक त्यांच्याच नजरेस आधी पडते.

दुसरी तालीम घड्याळ लावून करायची. तीत जुन्या माहितीची राखीव प्रत काढण्यास दोन तास, माहिती नेण्यास नऊ, ताळमेळास पाच आणि सर्व काही पूर्ववत करण्यास चार तास लागले असे धरू. आता शनिवारी सायंकाळी सहाला व्यवहार बंद केले, तर ताळमेळ रविवारी सकाळी दहाला संपेल. कर्मचाऱ्यांच्या चाचणीला सहा तास दिले की दुपारचे चार वाजतात. काउंटर सोमवारी दहाला उघडायचे आहे. त्यातून परतीचे चार तास व तपासणीचे दोन तास वजा केले की सोमवारी पहाटेचे चार ही परतीची शेवटची वेळ येते. मधल्या बारा तासांत चूक दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर चार वाजता मागे फिरायचे. सोमवारी पहिली पावती फाटली की मागे फिरणे फार अवघड होते, कारण नव्या संगणकातले व्यवहार पुन्हा जुन्यात लिहावे लागतात.

परतण्याच्या अटी आधीच कागदावर असाव्यात. ठेवींच्या बेरजेत एका पैशाचा फरक उलगडला नाही, किंवा दोनशेपैकी एकाही खात्याचे व्याज चुकले, तर परत. पत्त्यातील शुद्धलेखन चुकले तर पुढे जाण्यास हरकत नाही. रात्री तीन वाजता थकलेल्या माणसांनी अटी ठरवू नयेत. ‘आता इतके केलेच आहे’ हा विचार त्या वेळी बळावतो.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच आठवडाअखेरीस सर्व ग्राहक नव्या प्रणालीवर नेले. माहिती पोहोचली, पण प्रणाली पुरेशी तपासलेली नव्हती. सुमारे १९ लाख ग्राहकांना खाती वापरता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

पिग्मी एजंटांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या हातातील यंत्रांत शनिवारची वसुली असते. ती सहाच्या आत जमा करून घेतली नाही, तर ती ना जुन्यात येते ना नव्यात. कोणाचे यंत्र आले नाही याची यादी व्यवस्थापकाने हाती ठेवावी.

मंजुरीची सही सॉफ्टवेअरवाल्याने करायची नसते. ठेवींची सही ठेव विभागाने, कर्जाची कर्ज विभागाने आणि एकूण ताळेबंदाची हिशेबनिसाने करावी. प्रत्येकाने तपासलेल्या आकड्यांखालीच. त्यानंतर व्यवस्थापकाने ‘काउंटर उघडा’ म्हणावे. जुना संगणक पुढील लेखापरीक्षण होईपर्यंत फक्त पाहण्यापुरता चालू ठेवावा.