ताबा कधी, तरणतलाव कुठे, हप्ता केव्हा?

पुण्याजवळ बांधकाम सुरू असलेल्या एका गृहप्रकल्पासाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे असे समजू. घराची किंमत साठ लाख रुपये. संहितेच्या पहिल्या खर्ड्यात निवेदक म्हणतो, "लवकरच ताबा!" खरी संहिता इथूनच बदलायला लागते. "महारेराकडे नोंदवलेली प्रकल्पपूर्तीची तारीख 31 डिसेंबर 2027. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा." ही दोन वाक्ये ऐकायला कमी गोड असली, तरी ग्राहक त्यांवर घरभाड्याचा हिशेब मांडू शकतो. त्या वेळी पडद्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड ठळक दिसायला हवा. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत हा कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते आणि निवेदकाने सांगितलेली तारीख तिथेच पडताळता येते.

दृश्यांचेही तसेच. संगणकावर रंगवलेल्या इमारतीवर "कल्पनाचित्र" अशी पाटी हवी आणि तिच्या पाठोपाठ आजची साइट, चित्रीकरणाच्या तारखेसह. पाचव्या मजल्याचा स्लॅब पडला असेल तर पाचवाच दाखवावा.

सर्वाधिक फसगत सुविधांत होते. तरणतलाव दाखवला जातो, पण तो दुसऱ्या टप्प्यात असतो आणि त्या टप्प्याची नोंदणी वेगळी असते. पहिल्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला मग रिकामी जागाच दिसते. म्हणून संहितेत लिहावे : "लिफ्ट आणि पार्किंग या इमारतीसोबत. तरणतलाव दुसऱ्या टप्प्यात, त्याची तारीख करारनाम्यात."

पैशांचा भाग घाईने उरकू नये. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे इथे सहा लाखांपर्यंत. पुढचे हप्ते तारखेनुसार नव्हे, तर कामाच्या टप्प्यांनुसार. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात एकूण रकमेची मर्यादा करारनाम्यानंतर 30 टक्के, जोते पूर्ण झाल्यावर 45 आणि सर्व स्लॅब झाल्यावर 70 टक्के आहे. साठ लाखांच्या घरासाठी हे आकडे अठरा, सत्तावीस आणि बेचाळीस लाख होतात. शेवटचे पाच टक्के, म्हणजे तीन लाख, ताब्याच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर. जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी, हेही निवेदकाने बोलूनच सांगावे. पडद्याच्या तळाशी पळणारी बारीक अक्षरे कुणी वाचत नाही.

व्हिडिओ पाहून घर नोंदवणाऱ्याने त्याची प्रत जपून ठेवावी. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झाले, तर कायद्याच्या कलम 12 नुसार भरपाई मागता येते. प्रकल्पातूनच बाहेर पडायचे असेल, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागण्याचा हक्कही तेच कलम देते.