स्पष्टीकरण : झटपट वितरण ॲपवर माल ठेवावा का? कमिशनच्या टक्क्यापलीकडचा हिशेब

रायपूर : बूढा तलावाच्या काठावरील बूढापारा आणि परिसरातील एखाद्या लघुउत्पादकाने चकली, चिवडा किंवा शंकरपाळ्यांचे पाकीट आतापर्यंत विकले ते मुख्यतः दोन मार्गांनी : ओळखीच्या ग्राहकांना थेट आणि वितरकामार्फत किराणा दुकानांना. आता तिसरा मार्ग त्याच्यासमोर आहे. २०२५ मध्ये स्विगीच्या ‘इन्स्टामार्ट’चा विस्तार शंभर शहरांपर्यंत पोहोचला, तेव्हा नव्या शहरांच्या यादीत रायपूरचेही नाव होते. ग्राहक घराजवळच आहे, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट ॲपमधून जाते आणि ॲपचे कमिशन भारी आहे, अशी तक्रार लघुउत्पादक करतात. मग ॲपवर माल ठेवावा की नाही?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण कमिशनच्या टक्क्यात शोधतात. परंतु किराणा दुकानदार आणि वितरक मिळूनही मोठा वाटा घेतातच. खरा फरक आहे तो त्या वाट्याच्या स्वरूपात आणि त्याच्या मागून येणाऱ्या खर्चात. एका पाकिटाचा हिशेब मांडला की हे स्पष्ट होते.

एका पाकिटाचा हिशेब

चकलीचे २०० ग्रॅमचे पाकीट घेऊ. त्याची छापील किंमत १०५ रुपये असून तिच्यात ५ टक्के वस्तू व सेवा कर (जीएसटी) धरलेला आहे. म्हणजे करापूर्वीची किंमत १०० रुपये. भाजणी, तेल, मजुरी, इंधन व वेष्टन मिळून उत्पादनखर्च ५२ रुपये आहे, असे मानू. पुढील दर केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्ष दर ॲप, वस्तू आणि करारानुसार बदलतात.

किराणा मार्गाने वितरक व दुकानदार यांचा वाटा २५ रुपये, वाहतूक २ रुपये आणि परत आलेल्या किंवा फुटलेल्या मालाचे २ रुपये गेले, तर ७१ रुपये उरतात. त्यातून उत्पादनखर्च वजा केल्यावर उत्पादकाच्या हाती १९ रुपये राहतात.

आता ॲपचे कमिशनही साठवण व पोचवणीसह नेमके २५ रुपयेच धरू. तरीही मालाला ॲपच्या गोदामापर्यंत नेण्याचे ४ रुपये, शोधयादीत वर दिसण्यासाठीच्या जाहिरातीचे १० रुपये आणि मुदत संपल्याने परत येणाऱ्या मालाचे ३ रुपये द्यावे लागतात. उरतात ५८ रुपये. उत्पादनखर्च गेल्यावर हाती फक्त ६ रुपये. कमिशन तेवढेच असूनही मिळकत एक-तृतीयांशाच्याही खाली आली. यात १० टक्के सवलतीची मोहीम उत्पादकाच्या खर्चाने चालवली, तर कमिशन थोडे घटूनही प्रत्येक पाकिटामागे तोटा सुरू होतो.

एकच पंचवीस रुपये, दोन वेगळे कर

याहून कमी चर्चिली जाणारी बाब कराची आहे. दुकानदाराचे २५ रुपये हा व्यापारी नफा असतो. उत्पादक वितरकाला ७५ रुपयांना माल विकतो आणि त्या ७५ रुपयांवरच ५ टक्के कर भरतो. ॲपचे कमिशन मात्र ‘सेवा’ ठरते. उत्पादक ग्राहकाला १०० रुपयांना माल विकतो, पूर्ण १०० रुपयांवर ५ रुपये कर लावतो आणि कमिशन व जाहिरात मिळून ३५ रुपयांच्या सेवेवर १८ टक्के म्हणजे ६.३० रुपये जीएसटी ॲपला देतो.

हा ६.३० रुपयांचा कर पुढे वजावटीसाठी उपलब्ध असतो. पण वजावट करायला मालावरचा कर फक्त ५ रुपये आहे. उरलेले १.३० रुपये खात्यात साचत जातात. मालावरील कर कमी आणि कच्च्या मालावरील कर अधिक असेल, तर साचलेल्या रकमेचा परतावा मागता येतो. मात्र तो वस्तूंवरील करापुरताच. सेवांवरील कराचा असा परतावा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘व्हीकेसी फूटस्टेप्स’ प्रकरणात स्पष्ट केले. कमिशन आणि जाहिरात या सेवाच आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वेष्टित नमकीन व भुजियावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने ही कपात सुखद होती. ॲपवर विकणाऱ्यासाठी तिला एक दुसरी बाजूही आहे : १२ टक्के कर असताना कमिशनवरील कराची वजावट सहज होत असे, ५ टक्क्यांत ती मावेनाशी झाली. किराणा विक्री मोठी असलेल्या उत्पादकाला त्या विक्रीवरील करातून ही साचलेली रक्कम वळती करता येऊ शकते. ज्याची बहुतांश विक्री ॲपवरच आहे, त्याच्यासाठी ती अडकलेली रक्कम म्हणजे खर्चच. आपल्या उदाहरणात ६ रुपयांचे ४.७० रुपये होतात.

एकरकमी म्हणजे कंपोझिशन योजनेतील उत्पादकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो, पण वजावट मुळीच मिळत नाही, म्हणून ६.३० रुपये हा त्याच्यासाठी थेट खर्च ठरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा उत्पादकांना ई-वाणिज्य मंचावरून माल विकण्याची मुभा मिळाली, परंतु ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. त्यामुळे बोलणी सुरू होताच विचारण्याचा पहिला प्रश्न असा : माल रायपूरच्या गोदामात घेतला जाणार आहे, की नागपूरसारख्या परराज्यातील? दुसरे उत्तर आले, तर कंपोझिशन योजनेत राहून हा मार्ग चालत नाही.

विक्रेता कोण?

वरील हिशेब उत्पादक स्वतः विक्रेता असतो त्या, म्हणजे बाजारमंचाच्या पद्धतीचा आहे. दुसऱ्या पद्धतीत ॲपची कंपनी किंवा तिच्याशी करार असलेला घाऊक विक्रेता उत्पादकाकडून माल विकत घेतो. परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे परकीय मालकीच्या मंचांना स्वतःचा साठा विकता येत नाही. ‘ब्लिंकिट’ची मातृकंपनी ‘इटर्नल’ २०२५ मध्ये भारतीय मालकी व नियंत्रणाखालील कंपनी झाली आणि ब्लिंकिट स्वतःच्या साठ्याच्या पद्धतीकडे वळू लागली.

खरेदीच्या पद्धतीत वाटा पुन्हा व्यापारी नफ्याचे रूप घेतो. कर खरेदी किमतीवर लागतो आणि १८ टक्क्यांची अडचण जाहिरातीपुरतीच उरते. बाजारमंचावर जीएसटीपोटी ०.५ टक्का आणि आयकरापोटी साधारणपणे ०.१ टक्का आधीच कापून घेतला जातो. ती कपातही येथे नसते. ही रक्कम पुढे वळती होत असली, तरी तोवर खेळते भांडवल अडकते. मात्र खरेदीच्या पद्धतीत उधारीची मुदत आणि न विकलेल्या मालाची परतफेड या दोन अटी नीट वाचाव्या लागतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघुउत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. हे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. नोंदणी करार होण्यापूर्वीच करून घेणे म्हणूनच हिताचे.

मुदतीचे घड्याळ

अन्नपदार्थाला आणखी एक मर्यादा आहे. ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ई-वाणिज्य कंपन्यांना सांगितले. चकलीची मुदत ९० दिवस असेल, तर तिचे ३० टक्के म्हणजे २७ दिवस. पाकीट तयार झाल्यापासून ६३ दिवसांत ते ग्राहकाकडे पोहोचले पाहिजे. कारखान्यातून मुख्य गोदाम आणि तेथून वस्तीतील छोट्या गोदामात जाण्यास दहा दिवस लागले, तर विक्रीसाठी उरतात ५३ दिवस. या छोट्या गोदामांना ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. तेथे ग्राहक येत नाहीत, फक्त माल निघतो.

अशा दहा गोदामांत प्रत्येकी २४ पाकिटे ठेवली, तर २४० पाकिटे झाली. दिवसाला प्रत्येक गोदामातून एक पाकीट गेले, तरी साठा २४ दिवसांत संपतो. तीन दिवसांनी एक गेले, तर ७२ दिवस लागतात आणि उरलेला माल परत येतो. म्हणून सुरुवात दहा गोदामांनी नव्हे, दोन-तीन गोदामांनी करणे सुरक्षित ठरते. दिवाळीच्या फराळाची विक्री पाहून वर्षभराचा अंदाज बांधू नये, हेही याच हिशेबातून निघते.

नवा ग्राहक की जुनाच?

निर्णयाचा खरा काटा येथे आहे. किराण्यातून एका पाकिटामागे १९ रुपये मिळतात आणि ॲपवर ४.७० रुपये. दुकानातून नेणारा ग्राहक ॲपवर वळला, तर उत्पादकाचे १४.३० रुपये जातात. ते भरून काढण्यासाठी तीनहून अधिक पाकिटे अगदी नव्या ग्राहकाला विकली गेली पाहिजेत. चारांपैकी एकाहून अधिक पाकीट जुन्याच ग्राहकाचे असेल, तर ॲपवरील विक्री वाढत असतानाही एकूण मिळकत घटते.

हे ओळखता येते. ज्या वस्त्यांत ॲपची सेवा आहे आणि जेथे नाही, तेथील दुकानांच्या मागणीची आधीच्या काही महिन्यांशी तुलना करावी. ॲप असलेल्या वस्त्यांतच दुकानांची मागणी घटली, तर ग्राहक फक्त जागा बदलत आहे. दुसरी कसोटी जाहिरातीची : तिसऱ्या महिन्यात दोन आठवडे जाहिरात बंद करून पाहावी. विक्री फारशी घटली नाही, तर ग्राहक नाव शोधत येत आहे आणि दहा रुपयांचा खर्च कमी करता येईल. विक्री कोसळली, तर ती विकत घेतलेली विक्री होती.

पाकिटाचा आकारही निकाल बदलतो. ४०० ग्रॅमच्या पाकिटाची करापूर्वीची किंमत २०० रुपये आणि उत्पादनखर्च ९८ रुपये धरू. कमिशन ५० रुपये होईल, पण जाहिरातीचा खर्च पाकिटामागे तेवढाच, १० रुपये राहील, कारण तो वजनावर नव्हे तर प्रत्येक क्लिकवर लागतो. वाहतूक ६ आणि परत येणारा माल ६ रुपये धरले, तर ३० रुपये उरतात. अडकलेला कर ०.८० रुपये वजा केला तरी २९.२० रुपये. दोन लहान पाकिटांतून तेच ९.४० रुपये मिळाले असते.

मोठे पाकीट फक्त ॲपवर ठेवले, तर दुकानदाराचीही नाराजी कमी होते, कारण त्याच्या मांडणीवरील पाकीट ॲपवर स्वस्तात दिसत नाही. मात्र वेष्टनावर प्रति ग्रॅम किंवा तत्सम एककाची किंमत छापावी लागते. दोन्ही पाकिटांतील तफावत दुकानदाराला तेथे सहज वाचता येते. ती फार मोठी असू नये.

या हिशेबाचे तात्पर्य असे की, लहान पाकीट, कमी मुदत आणि किराण्यात आधीच चांगला खप असलेल्या उत्पादकाने बाजारमंचाच्या पद्धतीने ॲपवर जाण्याची घाई करू नये. मोठे किंवा एकत्रित पाकीट देऊ शकणाऱ्या, ९० दिवस वा अधिक मुदतीचा माल असणाऱ्या आणि खरेदीच्या पद्धतीचा करार मिळवू शकणाऱ्या उत्पादकाने एक-दोन पदार्थ घेऊन तीन महिने चाचणी घ्यावी. त्या काळात ॲपवरील विक्रीच्या आलेखाइतकेच दुकानांच्या मागणीच्या वहीवरही लक्ष ठेवावे.