गणिताच्या पुस्तकातला प्रचार

परीक्षेत नाझी जर्मनीवर टीप आली की बहुतेक जण गोबेल्सच्या भाषणांवर थांबतात. मार्च 1933 मध्ये त्याचं प्रचार मंत्रालय सुरू झालं. त्याच वर्षी 76 मार्कांचा स्वस्त 'लोकांचा रेडिओ' बाजारात आला, म्हणजे सरकारचा आवाज थेट घरात.

वर्तमानपत्रांचं काम मात्र गुपचूप चाले. ऑक्टोबर 1933 च्या संपादक कायद्याने ज्यू आणि ज्यूंशी लग्न केलेले लोक संपादनातून बाद झाले. उरलेल्यांना बर्लिनमधल्या रोजच्या बैठकीत काय छापायचं, काय गाळायचं हे सांगितलं जाई. त्या सूचनांचे कागद नष्ट करायचे असत. काही पत्रकारांनी ते लपवून ठेवले, म्हणून आज ते वाचता येतात. छापल्यावर तपासण्याची फारशी गरजच नव्हती, कारण नोकरीच्या भीतीने संपादक स्वतःच कात्री चालवी.

शाळेत शिक्षक पक्षाच्या शिक्षक संघटनेत ओढले गेले आणि वंशशास्त्र हा विषय आला. पण खरी मेख गणितात होती. मनोरुग्णालय बांधायला इतका खर्च येतो, कामगाराचं घर इतक्यात होतं, तर त्या पैशांत किती घरं झाली असती? अशी उदाहरणं मुलं सोडवत. साधा भागाकार. उत्तर बरोबर आलं की रुग्ण म्हणजे ओझं हेही मनात बसे, आणि गुरुजींना त्यावर एक शब्दही बोलावा लागत नसे. 1939 पासून अशा रुग्णांची सरकारी हत्या सुरू झाली.