शांततेतून ऐकू येणारा ‘त’

‘स्तर’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. ‘स्’ची सळसळ चालू असताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे घट्ट टेकतं आणि हवा कोंडली जाते. तेवढ्या वेळात तोंडातून काहीच आवाज निघत नाही. मग जीभ सुटते, कोंडलेली हवा बारीक स्फोटासारखी बाहेर पडते आणि लगेच ‘अ’ सुरू होतो. या शब्दाचं ध्वनिमुद्रण संगणकावर पाहिलं तर ‘त’च्या जागी बहुतांश सपाट रेघच दिसते. आधी शे-पन्नास मिलिसेकंदांची शांतता आणि तिच्या शेवटी काही मिलिसेकंदांचा स्फोट, एवढाच ऐवज. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

मग कान ‘त’ ओळखतो तो शांततेवरून की स्फोटावरून? दोन्हींवरून, आणि एक खूण कमी पडली तर तिची भरपाई तो दुसरीकडून करून घेतो.

अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ब्रुनो रेप यांनी 1984 साली नेमक्या याच जोडीवर प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजीतल्या ‘से’ आणि ‘स्टे’ या शब्दांत फरक आहे तो एका ‘ट’चा. ‘स्’ आणि स्वर यांच्यामधली शांतता थोडी थोडी वाढवत नेली की एका टप्प्यावर श्रोत्यांना ‘से’ऐवजी ‘स्टे’ ऐकू येऊ लागतं. हा टप्पा मात्र एका जागी थांबत नाही. स्फोट जोरकस असेल तर थोडी शांतता पुरते. स्फोट क्षीण केला तर त्याच श्रोत्याला ‘ट’ ऐकू येण्यासाठी जास्त लांब शांतता लागते.

ही भरपाई किती मिलिसेकंदांची असते? कॅथरीन बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली ‘से’ आणि ‘स्टे’वरच, पण तिसरी एक खूण घेऊन, ती मोजली. तोंड बंद असताना आवाजातला सर्वांत खालचा अनुनाद फार खाली असतो आणि तोंड उघडेल तसा तो वर चढतो. म्हणजे स्वराची सुरुवात खालून होणं हाही नुकतं काहीतरी बंद होतं याचा पुरावा. त्यांच्या कृत्रिम शब्दांपैकी एकात हा अनुनाद 230 हर्ट्झपासून चढत होता, दुसऱ्यात 430 पासून. दुसऱ्या शब्दात ‘स्टे’ ऐकू येण्यासाठी सुमारे 25 मिलिसेकंद अधिक शांतता लागली.

यावर एक रास्त शंका येते. श्रोत्याला दोन्ही खुणा वेगवेगळ्या ऐकू येत असतील आणि तो नंतर मनात बेरीज करून उत्तर देत असेल, तर? हॅस्किन्समधल्याच फिच आणि सहकाऱ्यांच्या 1980च्या प्रयोगाने तिला फार सुंदर उत्तर दिलं. शब्द होते ‘स्लिट’ आणि ‘स्प्लिट’. श्रोत्यांनी शब्द ओळखायचा नव्हता, दोन आवाज वेगळे आहेत की नाहीत एवढंच सांगायचं होतं. काही जोड्यांत एकाच खुणेचा फरक होता. काहींत दोन खुणा एकाच बाजूला ओढणाऱ्या होत्या, म्हणजे एका आवाजात शांतताही जास्त आणि स्वराकडे जाणारं वळणही ‘प’सारखं. काहींत दोन्ही खुणा एकमेकींविरुद्ध होत्या: एका आवाजात शांतता जास्त, पण ‘प’चं वळण दुसऱ्यात. या शेवटच्या जोड्यांत आवाज दोन बाबतींत वेगळे होते, तरी त्यांतला फरक ओळखणं सर्वांत कठीण गेलं. एका खुणेचा फरक असलेल्या जोड्याही त्यांच्यापेक्षा सोप्या ठरल्या. विरुद्ध खुणांनी एकमेकींना खोडून काढलं आणि दोन्ही आवाज एकसारखे भासले. मला या साऱ्या संशोधनातला हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो. सुट्या खुणा श्रोत्याच्या हाती येतच नाहीत, त्याच्यापर्यंत तयार व्यंजनच पोहोचतं.

या देवाणघेवाणीला हद्द आहे. ती चालते ती संदिग्ध पट्ट्यात. शांतता भरपूर आणि स्फोट ठसठशीत असेल, तर स्फोट थोडा उतरवल्याने काही बिघडत नाही. शिवाय आवाज बोलणं म्हणून ऐकला जाणंही गरजेचं असतं. बेस्ट यांनी तेच शब्द शिट्टीसारख्या सुरांत बदलून ऐकवले. ज्यांनी ते शब्द म्हणून ऐकले त्यांच्या कानांत भरपाई दिसली. ज्यांना त्या नुसत्या शिट्ट्या वाटल्या ते कुठल्यातरी एकाच खुणेला धरून राहिले.

व्यवहारात या खुणा सारख्या टिकत नाहीत. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून साधारण 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज जात नसे. ‘ट’च्या स्फोटातला बराच जोर त्यावरच असल्यामुळे स्फोट दुबळा होई, पण शांतता शाबूत राही. घुमणाऱ्या सभागृहात उलट होतं. ‘स्’चा प्रतिध्वनी मधली शांतता भरून टाकतो आणि भार स्फोटावर येतो.

घरी करून पाहायचं असेल तर ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. ‘स्तर’ मुद्रित करा आणि सपाट रेघेतून दर वेळी 10 मिलिसेकंद कापत जा. ‘त’ कधी डळमळतो त्याची नोंद करा. मग स्फोटाचा आवाज उतरवून पुन्हा पहिल्यापासून कापा. डळमळण्याची जागा सरकली का, ते घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ऐकवून ठरवा, कारण कोणता शब्द आहे हे ठाऊक असलेला कान या परीक्षेला चालत नाही.